आपल्याच खेळाडूविरुद्ध निवेदन काढताना



आमच्या क्रिकेट क्लबने गेल्या आठवड्यात एक निवेदन काढलं. विहाराच्या फलकावर लावलं आणि मावळातल्या क्लबांच्या ग्रुपवरही टाकलं. तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांपैकी काहींचं म्हणणं आहे की आपल्याच पोराला आम्ही चव्हाट्यावर आणलं. काहींचं म्हणणं आहे की आम्ही त्याला स्वस्तात सोडलं, कायमचा हाकलायला हवा होता. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा काय घडलं, काय लिहिलं आणि तसंच का लिहिलं, हे इथे मांडतो आहोत.

आधी घटना. जयंतीनिमित्त आम्ही टेनिस बॉलची स्पर्धा भरवतो. सामना 8 षटकांचा. यंदा पहिल्यांदाच एका कातकरी वाडीच्या संघाने नाव नोंदवलं आणि तो थेट सेमीफायनलपर्यंत आला. समोर आमचाच संघ होता. शेवटून दुसऱ्या षटकात त्यांच्या एका तरुण बॅट्समनने आमच्या मुख्य बॉलरला लागोपाठ दोन षटकार मारले. दोघांत शिवीगाळ झाली. ती दोन्हीकडून झाली, हे आधीच सांगतो. पण त्यानंतर आमचा बॉलर त्याच्या जमातीवर आणि ते लोक काय खातात त्यावर घसरला. ते शब्द इथे छापत नाही. जवळ उभे असलेले आमचे तीन-चार फिल्डर हसले. अंपायरने ऐकलं. आमच्या कॅप्टननेही ऐकलं, आणि पुढचा बॉल टाकायला सांगितलं.

सामना आम्ही जिंकलो. संध्याकाळी सगळ्या संघांचं जेवण असतं. तो संघ जेवायला थांबला नाही. पंगतीत त्यांची जागा रिकामी का, असं विचारल्यावर आम्हा समितीतल्या लोकांना प्रकार कळला. जयंतीच्या मंडपात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, खाण्यावरून अपमान झालेला एक संघ उपाशी घरी गेला होता.

निवेदन असं होतं:

"जयंती स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमच्या संघाच्या गोलंदाजाने प्रतिस्पर्धी फलंदाजाला त्याच्या जमातीवरून व खाण्यावरून अपमानास्पद शब्द वापरले. पंचांनी ते ऐकले आहेत आणि खेळाडूने ते मान्य केले आहेत. त्याआधी दोघांत शिवीगाळ झाली होती. त्यामुळे या शब्दांचे गांभीर्य कमी होत नाही.

कर्णधाराने हे ऐकूनही खेळाडूला थांबवले नाही. काही खेळाडू हसले. ही संघाची चूक आहे आणि आयोजक म्हणून ती आमचीही आहे.

संबंधित खेळाडूला अंतिम सामन्यातून वगळले आहे. क्लब भाग घेईल अशा पुढील तीन स्पर्धांत तो खेळणार नाही. त्याचे उपकर्णधारपद काढून घेतले आहे. कर्णधार अंतिम सामन्यात खेळणार नाही. खेळाडूने वाडीत जाऊन माफी मागितली आहे. ती स्वीकारायची की नाही हा त्यांचा अधिकार आहे. तीन स्पर्धांनंतर खेळाडू संघात परत येऊ शकतो. या निर्णयावर सात दिवसांत अपील करण्याची मुभा त्याला दिली आहे.

ज्याचा अपमान झाला त्याचे नाव, फोटो किंवा व्हिडिओ कोणीही पसरवू नये. आमच्या खेळाडूच्या घरच्यांना त्रास देऊ नये."

एवढंच. आता यातल्या एकेका वाक्यामागचा विचार.

"जर कुणाचं मन दुखावलं असेल तर"

पहिला मसुदा आमच्यातल्याच एकाने लिहिला होता. त्यात वाक्य होतं, "आमच्या खेळाडूच्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत." सगळ्यांना ते ठीक वाटलं, कारण अशी वाक्यं आपण रोज वाचतो.

2020 साल आठवा. युवराज सिंगने रोहित शर्माबरोबरच्या इन्स्टाग्रामवरच्या गप्पांत युझवेंद्र चहलबद्दल बोलताना एका दलित जातीचं नाव शिवीसारखं वापरलं. ओरड झाल्यावर त्याने निवेदन काढलं. त्याचा मथितार्थ असा होता की माझ्या बोलण्याचा गैरसमज झाला, तरी अनवधानाने कुणी दुखावलं गेलं असेल तर मी खेद व्यक्त करतो. तेव्हा आपण सगळ्यांनी या निवेदनावर टीका केली होती. गैरसमज झाला म्हणजे चूक ऐकणाऱ्याची. दुखावलं असेल तर म्हणजे दुखावलं की नाही हे अजून ठरायचं आहे. जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं, हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं. हरियाणातल्या हांसीमध्ये एका दलित कार्यकर्त्याने तक्रार दिली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुन्हा दाखल झाला.

जे वाक्य आपण युवराज सिंगकडून चालवून घेतलं नाही, तेच आपल्या बॉलरसाठी चालवून घेत होतो. म्हणून मसुदा फाडला आणि नियम केला की पहिल्याच वाक्यात कुणी, कुणाला, काय केलं ते यायला हवं. "जर" नाही, "असल्यास" नाही, "अनुचित प्रकार घडला" नाही. प्रकार आपोआप घडत नाही, माणूस करतो.

दुसरा वाद "दोन्ही बाजूंनी" या शब्दांवरून झाला. शिवीगाळ दोन्हीकडून झाली हे खरं होतं, आणि ते लपवलं असतं तर आमच्या खेळाडूवर अन्याय झाला असता. म्हणून ते निवेदनात ठेवलं. पण आईवरून दिलेली शिवी आणि जमातीवरून केलेला अपमान यांची वजाबाकी होत नाही. शिवी त्या एका पोराला दिली होती. दुसरं वाक्य मैदानाबाहेर बसलेल्या त्याच्या बापापर्यंत आणि वाडीतल्या शाळकरी पोरापर्यंत गेलं. म्हणून दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहिल्या.

"ही काय अ‍ॅट्रॉसिटी आहे का?"

हा प्रश्न आमच्या बॉलरच्या चुलत्याने विचारला. प्रामाणिकपणे विचारला, म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम 3 सुरूच असं होतं की अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसलेल्या माणसाने पुढीलपैकी काही केलं तर. सार्वजनिक ठिकाणी जातीवाचक अपमान हा त्या यादीतलाच गुन्हा आहे. पण आमचा खेळाडू अनुसूचित जातीचा आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही ते संरक्षण मिळालं. त्यामुळे हा कायदा त्याला आरोपी म्हणून लागू होत नाही. अपमानाचं साधं कलम लागू शकतं आणि त्या पोराला पोलिसांत जायचं असेल तर आम्ही आड येणार नाही, हे त्याला सांगितलं आहे. पण अ‍ॅट्रॉसिटी नाही.

चुलत्यांना वाटलं, विषय संपला. आमच्या मते विषय इथे सुरू होतो. कायद्याने हा दरवाजा बंद ठेवला आहे, कारण वरून खाली होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध तो केला आहे. पण बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते नेमकं आपल्यासारख्यांसाठी म्हटलं. या उतरंडीत प्रत्येकाला वरच्याचा जाच आणि खालच्याची तुच्छता एकाच वेळी मिळते, म्हणून ती मोडत नाही. मावळात आपल्याला कुणी काय म्हटलं ते आपल्या तोंडपाठ असतं. कातकऱ्यांना आपण काय म्हणतो, ते आपल्या कानांनाही ऐकू येत नाही. ते तीन-चार फिल्डर काही दुष्ट नव्हते. त्यांना ते नेहमीचंच वाटलं, म्हणून ते हसले.

जिथे पोलीस ठाणं येणार नाही, तिथे क्लबचा नियम हाच एकमेव कायदा असतो. कायदा लागू होत नाही म्हणून नियमही नको, असं आपण म्हणालो, तर सवर्णांच्या ज्या क्लबांना आपण शंभर वर्षं नावं ठेवतो त्यांच्याच रांगेत बसू. पळवणकर बाळूंना पुण्याच्या हिंदू संघाने बॉलिंगसाठी घेतलं आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात दिला. खेळापुरती समता म्हणतात ती हीच. वाडीच्या संघाची एंट्री फी घ्यायची आणि मैदानात त्यांच्या ताटाची टिंगल करायची, हे त्यापेक्षा फार वेगळं नाही.

कॅप्टनचं काम

निवेदनात कॅप्टनचा उल्लेख आल्याने काही जण नाराज आहेत. बोलला तो एक, मग कॅप्टन का?

सप्टेंबर 2022 मध्ये कोइंबतूरला दुलीप ट्रॉफीची फायनल होती, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. यशस्वी जैस्वालने त्याच सामन्यात 265 धावा केल्या होत्या. शेवटच्या दिवशी फिल्डिंग करताना तो दक्षिणेच्या रवी तेजाला सारखा डिवचत होता. अंपायरनी समज दिली, कॅप्टन अजिंक्य रहाणेने समज दिली, तरी तो थांबला नाही. तेव्हा रहाणेने स्वतःच्याच द्विशतकवीराला मैदानाबाहेर पाठवलं. बदली खेळाडू न घेता संघ काही षटकं दहा जणांत खेळला. नंतर जैस्वाल परत आला आणि पश्चिम विभागाने सामना जिंकला.

या प्रसंगात ताबडतोब झालेली कारवाई दिसते, किंमत मोजायची संघाची तयारी दिसते, आणि त्या पोराला परत मैदानात घेणंही दिसतं. आमच्या कॅप्टनकडे तीच संधी होती. बॉलर बदलायला अर्धा मिनिट लागला असता. त्याने तसं केलं असतं, तर त्या पोराला तिथेच कळलं असतं की हे शब्द एका माणसाचे आहेत, संघाचे नाहीत. पुढचा बॉल टाकायला सांगितला, त्या क्षणी ते संघाचे झाले.

याउलट एक उदाहरण आपल्याच तालुक्यातलं. ऑक्टोबर 2025 मध्ये गहुंजेच्या स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मुंबईचा सराव सामना होता. 181 वर बाद झाल्यावर पृथ्वी शॉ आणि मुशीर खान यांच्यात खडाजंगी झाली, अंपायरना मध्ये पडावं लागलं. नंतर शॉने माफी मागितल्याच्या बातम्या आल्या, ते चांगलंच. पण महाराष्ट्राच्या कॅप्टनची प्रतिक्रिया साधारण अशी होती की सराव सामना आहे, असं होत असतं. मैदानावरची हमरीतुमरी आणि जमातीवरून केलेला अपमान या एक गोष्टी नाहीत. पण "असं होतच असतं" हे वाक्य आमच्या कॅप्टननेही चौकशीत जसंच्या तसं म्हटलं. पोरं ही वाक्यं मोठ्यांकडूनच शिकतात.

चौकशी कशी केली

स्पर्धेचे आयोजक आम्ही आणि आरोपी खेळाडूही आमचाच. म्हणून समिती तिघांची केली. क्लबचा एक जुना खेळाडू, वस्तीतल्या एक शिक्षिका, आणि आदिवासींमध्ये काम करणारा क्लबबाहेरचा एक कार्यकर्ता. खेळाडूचा नातेवाईक कुणी नाही.

खेळाडूला आरोप लेखी दिला आणि उत्तरासाठी दोन दिवस दिले. हे बऱ्याच जणांना अति वाटलं. सगळ्यांनी ऐकलंय, मग चौकशी कसली? पण जोपर्यंत आरोप कागदावर येत नाही, तोपर्यंत तो दर तासाला वाढत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर चर्चा होती की त्याने त्या पोराच्या कानाखाली मारली. अंपायर आणि दोन्ही बॅट्समन यांनी सांगितलं की कुणी कुणाला हात लावला नाही. लेखी आरोपाने जसं त्याला पळवाट ठेवली नाही, तसंच न केलेल्या गोष्टीपासून वाचवलंही. लोकांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंत हातवारे दिसत होते, शब्द नीट ऐकू येत नव्हते. निर्णय व्हिडिओवर नाही, अंपायरच्या साक्षीवर आणि त्याच्या स्वतःच्या कबुलीवर झाला. तो म्हणाला, "भाऊ, बोललो मी. राग आला होता. पण मी त्यांना कमी समजत नाही." शिक्षिका ताई म्हणाल्या, "रागात तोंडातून जे येतं, ते आधी आत असतं." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

ज्याचा अपमान झाला त्याला समितीसमोर बोलावलं नाही. समितीच त्याच्या वाडीत गेली. त्याने आधीच एकदा भर मैदानात सगळ्यांसमोर उभं राहून सोसलं होतं.

शिक्षा किती?

इथे गल्लीबोळातल्या स्पर्धांची एक अडचण सांगायला हवी. आमच्या नियमांच्या कागदावर, तसाच तो सगळीकडे असतो, एक ओळ होती, "शिवीगाळ केल्यास संघ बाद." ही ओळ आजपर्यंत कुणी वापरलेली नाही. एका शिवीसाठी अकरा जणांना घरी पाठवायला कुठलाच अंपायर धजत नाही. फार मोठी शिक्षा म्हणजे शिक्षाच नाही.

क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत 2017 मध्ये खेळाडूंच्या वर्तनाचा 42 वा नियम आला. त्यात चार पायऱ्या आहेत. अपमानास्पद भाषेला पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केल्यास समोरच्या संघाला 5 धावा. गंभीर अपमान असेल तर थेट 5 धावा. त्यापुढे काही षटकं बाहेर, आणि मारहाणीला उरलेल्या सामन्यातून बाहेर. पायऱ्या असल्यामुळे अंपायर निर्णय घेऊ शकतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे. पण त्या पायऱ्यांत जात हा शब्द नाही. हे नियम जसेच्या तसे लावले असते, तर एका जमातीच्या अपमानाची किंमत जेमतेम एका षटकाराएवढी झाली असती. म्हणून जातीवरून, जमातीवरून, धर्मावरून किंवा बाईमाणूस म्हणून केलेला अपमान आम्ही मारहाणीच्या पायरीवर ठेवला आहे. त्याच सामन्यातून बाहेर, आणि नंतर चौकशी.

मग पुढची शिक्षा. कुणीतरी सुचवलं, सहा महिने बंदी. ऐकायला कडक वाटतं. पण एप्रिलमध्ये सहा महिने दिले, तर त्यातले चार महिने मावळात पाऊस असतो आणि मैदानात चिखल. त्या काळात इथे कुणीच खेळत नाही. ती शिक्षा आमच्या बॉलरने नव्हे, पावसाळ्याने भोगली असती. म्हणून शिक्षा महिन्यांत न मोजता स्पर्धांत मोजली. फायनल अधिक तीन स्पर्धा. फायनल त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो.

आणखी एक सूचना आली, तीही चांगल्या हेतूने. त्याला महिनाभर वाडीत साफसफाई किंवा शिकवणीचं काम करायला लावा. ही आम्ही फेटाळली. आदिवासींच्या वाडीत जाणं ही शिक्षा कशी होऊ शकते? आणि ज्याने त्यांचा अपमान केला, त्याला सुधारण्याचं काम त्यांच्याच अंगणात का?

कायमचं का हाकललं नाही, तेही सांगतो. तो आमच्याकडे बारा वर्षांचा असल्यापासून खेळतो. अशी ही त्याच्याविरुद्धची पहिली तक्रार आहे, आणि त्याने खोटं बोलून वेळ मारून नेली नाही. हाकलला असता तर क्लबला हात झटकता आले असते, जणू घाण त्याच्या एकट्यात होती. ते हसणारे फिल्डर तर संघातच राहिले असते. याच कारणाने निवेदनात त्याचं नाव घातलं नाही. गावात सगळ्यांना ते माहीत आहे. पण शिक्षा तीन स्पर्धांनी संपेल आणि मोबाइलवर फिरणारं नाव संपणार नाही. शिक्षेला शेवटची तारीख असली पाहिजे.

सुधम्म आणि तिळाचा खाऊ

माफी कशी मागायची, यासाठी आम्हाला चुल्लवग्गातली एक गोष्ट उपयोगी पडली. ती आपल्या पोरांना माहीत असायला हवी.

मच्छिकासंड गावात चित्त नावाचा गृहपती होता. सुधम्म नावाचे भिक्खू तिथे राहत. चित्त कुठल्याही भिक्खूंना भोजनाला बोलावण्याआधी सुधम्मांना विचारत असे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान यांच्यासारखे थोर भिक्खू आले, तेव्हा त्याने त्यांना थेट निमंत्रण दिलं आणि सुधम्मांना मागाहून सांगितलं. सुधम्मांना राग आला. ते भोजनाची तयारी बघायला गेले आणि म्हणाले, सगळं आहे, फक्त तिळाचा खाऊ तेवढा नाही. अट्ठकथेत याचा खुलासा आहे. चित्ताच्या पूर्वजांपैकी कुणी असा खाऊ विकणारा होता. म्हणजे हा टोमणा खाण्याच्या आडून त्याच्या कुळाला आणि धंद्याला मारला होता.

प्रकरण बुद्धांपर्यंत गेलं. बुद्धांनी भिक्खूची बाजू घेतली नाही. संघाने सुधम्मांवर पटिसारणीय कम्म करावं असं सांगितलं, म्हणजे जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागायची. सुधम्म गेले, पण शरमेने तोंड उघडेना आणि तसेच परत आले. तेव्हा बुद्धांनी म्हटलं की त्यांच्यासोबत एक भिक्खू द्या. तो सोबती त्यांच्या वतीने बोलेल, पण कबुली सुधम्मांनाच द्यावी लागेल. दुसऱ्यांदा माफी झाली, चित्ताने क्षमा केली, आणि मग संघाने ती कारवाई मागे घेतली.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पद्धतीत आम्हाला हवं ते सगळं होतं. अपमान करणाऱ्यानेच चालत जायचं. त्याला एकट्याला तोंडघशी पाडायचं नाही, सोबती द्यायचा. आणि काम पुरं झाल्यावर कारवाई संपवायची.

आमचा बॉलर वाडीत गेला तेव्हा समितीतले एक जण सोबत होते. वेळ वाडीने ठरवलेली, संध्याकाळी कामावरून परतल्यावरची. फोटो नाही, व्हिडिओ नाही, हार-नारळ नाही, पुढारी नाही. त्याने काय बोललो ते कबूल केलं आणि माफी मागितली. तो पोरगा फक्त "बरं" म्हणाला. त्याची आई म्हणाली, "दादा, तुम्ही आलात ते चांगलं केलंत. पण पोरं पुढच्या वर्षी खेळायला येतील का, ते मी नाही सांगणार. त्यांचं त्यांना ठरवू दे."

माफी स्वीकारली, असं निवेदनात म्हणूनच लिहिलेलं नाही. प्रकरण मिटलं, असंही लिहिलेलं नाही. ते लिहायचा हक्क आमचा नाही.

आता आक्षेपांचं. "विरोधकांच्या हातात कोलीत दिलं," असं काही साथी म्हणतात. आम्हाला उलट वाटतं. उद्या याच तालुक्यातल्या एखाद्या मैदानावर आपल्या पोराला जातीवरून कुणी बोललं आणि आपण त्यांच्या क्लबकडे निवेदन मागायला गेलो, तर आपल्या हातात हा कागद असेल. आम्ही आमच्या खेळाडूला हे केलं, आता तुम्ही काय करता ते सांगा, असं विचारता येईल.

अपिलाची मुदत संपली. त्याने अपील केलं नाही. परवा संध्याकाळी तो मैदानावर आला होता. खेळायला नाही, पिचवर पाणी मारायला. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नियमांचा नवा कागद विहारात ठेवला आहे. आपापल्या जयंती स्पर्धेसाठी ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा, त्यात चुका दिसल्या तर सांगाव्यात. वाडीच्या संघाला पुढच्या वर्षीचं निमंत्रण द्यायला आम्ही स्वतः जाणार आहोत, आणि त्यांच्याकडे तेव्हा जे काही शिजलं असेल ते जेवूनच परत येणार आहोत, त्यांनी बसा म्हटलं तर.

जयभीम, नमो बुद्धाय.